विजयदुर्गावरचा साहेब नक्की कधी आला?

(भागाचं शब्दांकन. बोलताना झालेल्या काही चुका लिहिताना दुरुस्त केल्या आहेत, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग म्हणजे एक कबुली आहे. मागच्या पावसाळ्यात मी एका भागात अगदी छाती फुगवून सांगितलं होतं की हेलियम हे मूलद्रव्य आपल्या कोकणात, विजयदुर्ग किल्ल्यावर सापडलं. १८ ऑगस्ट १८६८, खग्रास सूर्यग्रहण, नॉर्मन लॉकियर नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ किल्ल्यावर दुर्बीण लावून बसला, त्याला सूर्याभोवती एक अनोळखी पिवळी रेषा दिसली आणि काम फत्ते. पुरावा काय, तर गडावर आजही 'साहेबाचा ओटा' आहे. तुम्हीही हे कुठेतरी वाचलं असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नक्कीच. विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिनही साजरा होतो.

त्या भागानंतर देवगडकडच्या एका काकांचा आवाजी निरोप आला. निरोप कसला, एकच वाक्य होतं. "अरे बाबा, ऑगस्टात आमच्याकडे सूर्य दिसता काय रे?"

मी हसलो. मग थांबलो. खरंच की. श्रावणातल्या कोकणात, भर पावसात, एक इंग्रज माणूस हजारो मैलांवरून दुर्बीण घेऊन सूर्य बघायला कशाला येईल?

इथून पुढचे दोन आठवडे ऑफिस सुटलं की मी याच्याच मागे होतो. आणि जे निघालं ते मूळ गोष्टीपेक्षा भारी आहे. कारण ओटा खरा आहे, साहेब खरा आहे, हेलियमशी त्याचा संबंधही खरा आहे. आणि तरीही ती गोष्ट चुकीची आहे. हे कसं शक्य आहे, तेच आज बघू.

पहिला प्रश्न: १८ ऑगस्ट १८६८ ला भारतात कोण कुठे होतं?

ग्रहण खरं होतं, त्यात शंका नाही. चंद्राची सावली एडनकडून अरबी समुद्र ओलांडून आली, दक्षिण कोकणावरून घाटावर चढली, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणम असं करत बंगालच्या उपसागरात उतरली आणि पुढे सयामकडे गेली. खग्रास स्थिती पाच मिनिटांहून जास्त टिकणार होती, म्हणजे ग्रहणांच्या हिशोबात चैनच. त्यामुळे युरोपातले खगोलशास्त्रज्ञ आधीपासून तयारीला लागले होते.

आता ते कुठे बसले ते बघा. फ्रान्सचा ज्यूल जान्सेन गुंटूरला. ब्रिटिशांचा मेजर टेनंट, तोही गुंटूरला. मद्रास वेधशाळेचे प्रमुख पॉगसन मछलीपट्टणमला. रॉयल सोसायटीने पाठवलेला लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. आणखी मंडळी विजापूरच्या बाजूला.

नकाशा डोळ्यासमोर आणा. एक तर सगळे पूर्व किनाऱ्याकडे आहेत, नाहीतर घाट ओलांडून पर्जन्यछायेत. कारण उघड आहे. सगळ्यांना पावसाची भीती होती आणि ती खोटी नव्हती. जमखंडीला, म्हणजे घाटाच्या इतक्या आत जाऊनसुद्धा, हर्शेलला ढगांनी पिडलं. बिचाऱ्याला ढगांच्या फटींतून सूर्य बघावा लागला. विजापूरच्या बाजूलाही ढगच. गुंटूरच्या लोकांचं नशीब बरं होतं.

म्हणजे काकांचा प्रश्न बरोबर निघाला. १८६८ च्या ऑगस्टमध्ये कोकण किनारा ही वेध घेण्यासाठी कोणीही मुद्दाम निवडेल अशी जागा नव्हती.

आणि या यादीत एक नाव नाही, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. लॉकियर.

दुसरा प्रश्न: मग लॉकियर होता कुठे?

जोसेफ नॉर्मन लॉकियर तेव्हा ३२ वर्षांचा होता आणि लंडनमध्ये होता. पूर्णवेळ शास्त्रज्ञही नव्हता तो. इंग्लंडच्या युद्धखात्यात कारकून होता, आणि नोकरी सांभाळून घरच्या सव्वासहा इंची दुर्बिणीतून सूर्य बघायचा. दिवसा फाइली, उरलेल्या वेळात सूर्य. माझ्यासारख्याला हा माणूस लगेच जवळचा वाटतो.

त्याच्या डोक्यात दोन वर्षं एक कल्पना घोळत होती. ती नीट समजून घेऊ, कारण सगळं रहस्य तिच्यात आहे.

खग्रास ग्रहणात काळ्या चंद्राच्या कडेने लालसर ज्वाळा बाहेर आलेल्या दिसतात. यांना सौरज्वाला म्हणतात. एरवी त्या का दिसत नाहीत? कारण आपलं आकाशच सूर्यप्रकाशाने उजळलेलं असतं, आणि त्या उजेडात ज्वाळा बुडून जातात. लॉकियरचं म्हणणं असं की आकाशाचा हा उजेड सगळ्या रंगांचा मिळून बनलेला आहे. प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या उपकरणातून, म्हणजे वर्णपटदर्शकातून, तो पाठवला तर तो लांबलचक पट्ट्यात पसरेल. आणि जितका जास्त पसरवाल तितका फिका पडेल. पोळीवर चमचाभर तूप पसरवल्यासारखं. पण ज्वाळा तापलेल्या वायूच्या असतील, तर त्यांचा प्रकाश मोजक्याच दोन-चार रंगांत असेल. तो पसरणार नाही. तुम्ही पट्टा कितीही लांब करा, त्या रेषा तेवढ्याच झगझगीत राहतील. म्हणजे पुरेसे ताकदवान लोलक वापरले तर ग्रहणाशिवाय, भर दुपारी, या ज्वाळा 'वाचता' येतील.

यासाठी त्याला नेहमीपेक्षा शक्तिशाली वर्णपटदर्शक हवा होता. रॉयल सोसायटीच्या पैशातून त्याने तो करायला टाकला, आणि मग जे होतं तेच झालं. डिलिव्हरी लांबली. महिनोन्‌महिने. तोवर ऑगस्ट आला, भारतातलं ग्रहण होऊन गेलं, आणि हा लंडनमध्ये उपकरणाची वाट बघत बसलेला. उपकरण हातात पडलं १६ ऑक्टोबरला. पुढच्या चारच दिवसांत, म्हणजे २० ऑक्टोबर १८६८ ला, त्याने दुर्बीण सूर्याच्या कडेवर लावली आणि त्याला रेषा दिसल्या. एक लाल, एक निळसर, आणि एक पिवळी.

ग्रहण नाही. भारत नाही. विजयदुर्ग तर नाहीच.

आता इथे एक मजेशीर योगायोग आहे. तिकडे गुंटूरला जान्सेनने ग्रहणात ज्वाळांच्या रेषा पाहिल्या होत्या. त्या इतक्या ठळक होत्या की ग्रहण सुटत असतानाच त्याच्या मनात आलं, या तर एरवीही दिसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी, १९ ऑगस्टला, त्याने प्रयत्न केला आणि खरंच दिसल्या. त्याने फ्रान्सला पत्र लिहिलं. पण सुएझ कालवा अजून उघडायचा होता, टपाल हळू चालायचं. जान्सेनचं भारतातून आलेलं पत्र आणि लॉकियरचं लंडनहून आलेलं पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर एकाच बैठकीत आली, २६ ऑक्टोबर १८६८ ला. दोघांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती शोधली होती. फ्रेंच सरकारने पुढे १८७२ मध्ये एक पदक काढलं, त्यावर दोघांचेही चेहरे शेजारी शेजारी आहेत.

पण हे पदक कशासाठी होतं? ग्रहणाशिवाय सौरज्वाला बघण्याच्या पद्धतीसाठी. हेलियमसाठी नाही.

तिसरा प्रश्न: मग हेलियम सापडलं कधी?

इथे आपल्या गोष्टीला खरं वळण आहे.

ग्रहणाच्या दिवशी ती पिवळी रेषा बऱ्याच जणांनी पाहिली होती. जमखंडीत हर्शेलने पाहिली. गुंटूरला टेनंटने पाहिली. सयाममध्ये बसलेल्या फ्रेंच मंडळींनी पाहिली. आणि जवळजवळ सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला, की हे सोडियम आहे.

त्यांना दोष देऊ नका. तुम्ही गॅसवर भात उतू जाताना पाहिलाय ना? मिठाचं पाणी ज्योतीवर पडलं की ती पिवळी होते. तो सोडियमचा रंग. वर्णपटात सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा असतात, अगदी चिकटून, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला. त्यांना डी-२ आणि डी-१ म्हणायचे. सूर्यावरची नवी रेषा होती ५८७.६ ला. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा. पाच मिनिटांचा अंधार, धडधडतं काळीज, मधूनच ढग, प्रवासात नेता येईल असं लहान उपकरण. अशा वेळी एक पिवळी रेषा दिसली, सोडियमच्या जागेजवळ दिसली, तर माणूस 'सोडियम' लिहूनच पुढच्या रेषेकडे जाणार. मोजायला वेळ कुठे होता?

एकाने मात्र नोंद केली की ही रेषा सोडियमच्या जागी बरोबर बसत नाहीये. ते म्हणजे मछलीपट्टणमला बसलेले मद्रासचे पॉगसन. पण त्यांचा अहवाल फारसा कोणाच्या हाती पडला नाही. आणि आता पॉगसन यांचं पूर्ण नाव ऐका. नॉर्मन रॉबर्ट पॉगसन.

म्हणजे १८ ऑगस्ट १८६८ ला भारतात पिवळी रेषा पाहणारा एक 'नॉर्मन साहेब' खरंच होता. फक्त तो दुसरा नॉर्मन होता, आणि दुसऱ्या किनाऱ्यावर होता.

आपल्या लॉकियरलाही २० ऑक्टोबरला काही साक्षात्कार झाला नाही. त्यानेसुद्धा पहिल्या नोंदीत ती रेषा 'डी जवळ' एवढंच म्हटलं. पण त्याच्याकडे असं काही होतं जे भारतात आलेल्या कुणाकडेच नव्हतं, आणि ते म्हणजे दुसरा दिवस. आणि तिसरा, आणि चौथा. त्याला ग्रहण लागतच नव्हतं. लंडनच्या आकाशात ऊन पडलं की तो पुन्हा बघू शकत होता, पुन्हा मोजू शकत होता. असं पुन्हा पुन्हा मोजल्यावर पक्कं झालं की ही रेषा सोडियमच्या दोन्ही रेषांपासून वेगळी आहे. म्हणून तिला नाव पडलं डी-३.

मग पुढची पायरी. कदाचित हा हायड्रोजनच असेल, सूर्यावरच्या वेगळ्या तापमानात आणि दाबात वेगळा वागत असेल? लॉकियरने रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंडला सोबत घेऊन प्रयोगशाळेत हायड्रोजनवर प्रयोग केले. डी-३ काही निघेना. तेव्हा लॉकियरचं मत बनलं की हे सूर्यावरचं एक वेगळंच मूलद्रव्य आहे. सूर्याचं ग्रीक नाव हेलिओस, त्यावरून हेलियम. १८७१ मध्ये विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, एका भाषणात हे नाव जाहीरपणे घेतलं.

बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांना हे पटलं नाही. बाटलीत भरून दाखवता येत नाही असं मूलद्रव्य, फक्त एका पिवळ्या रेषेच्या भरवशावर? मेंडेलिएव्हलाही शंका होती. हा वाद २७ वर्षं लोंबकळत राहिला. मार्च १८९५ मध्ये विल्यम रॅमसेने क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्ल टाकून वायू काढला. त्याला शोधायचा होता आरगॉन. वर्णपटात दिसली एक झगझगीत पिवळी रेषा. त्याने नमुना विल्यम क्रुक्सकडे तपासायला पाठवला, लॉकियरकडेही पाठवला. डी-३! २७ वर्षं सूर्यावर असलेलं मूलद्रव्य पृथ्वीवर, एका काचेच्या नळीत. आपण रोज मोजत होतो ती रेषा टेबलावर पेटलेली बघताना लॉकियरला काय वाटलं असेल, याचा विचार करा. तो तेव्हा ५८ वर्षांचा होता.

मग तारीख कोणती धरायची? मला विचाराल तर एकही नाही. ऑगस्टमध्ये रेषा दिसली पण ओळखली गेली नाही. ऑक्टोबरनंतर ती वेगळी ठरली. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिला नाव मिळालं. १८९५ मध्ये ती खरी ठरली. आणि हेलियम ओळखू येण्याचं कारण ग्रहण हे नव्हतंच. उलट, ग्रहणाची गरज संपली म्हणून ते ओळखू आलं.

शेवटचा प्रश्न: मग तो ओटा कोणाचा?

आता परत कोकणात येऊ. कारण ओटा तर आहे. तो काही व्हॉट्सअ‍ॅपवर बांधलेला नाही.

१८९५ नंतर पुढची तीन वर्षं बघा. लॉकियर आता युद्धखात्यातला कारकून राहिलेला नाही. 'नेचर' हे विज्ञान साप्ताहिक त्यानेच १८६९ मध्ये सुरू केलं आणि अजूनही तोच चालवतोय. हेलियम खरं ठरल्यामुळे त्याचं नाव सगळीकडे झालंय. १८९७ मध्ये त्याला 'सर' हा किताब मिळाला. म्हणजे आता तो अक्षरशः 'साहेब' आहे. आणि त्याला ग्रहणांचा नाद लागलेला आहे. १८९६ मध्ये तो ग्रहणासाठी नॉर्वेला गेला होता. तिथे ब्रिटिश नौदलाच्या जहाजावरचे खलाशी त्याने मदतनीस म्हणून तयार केले, सगळी रंगीत तालीम झाली, आणि ऐनवेळी ढग आले. सगळं पाण्यात.

मग पुढचं ग्रहण. तारीख: २२ जानेवारी १८९८. चंद्राची सावली अरबी समुद्रातून येणार आणि भारताच्या जमिनीला पहिल्यांदा टेकणार ती रत्नागिरीच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर. जानेवारी महिना. कोकणातलं आकाश काचेसारखं. आणि त्या किनाऱ्यावर खोल, सुरक्षित बंदर असलेला एक जुना किल्ला, जिथे युद्धनौका जवळ आणता येते.

विजयदुर्ग.

सर नॉर्मन लॉकियर खरोखर विजयदुर्गावर आला. १८६८ मध्ये नाही, १८९८ मध्ये. त्याच्यासोबत त्याचा मुलगा विल्यम होता, सहायक आल्फ्रेड फाउलर होता, आणि 'मेलपोमेनी' या नौदलाच्या जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी होते. नॉर्वेत जमलं नाही ते इथे करायचं होतं. किल्ल्यात छावणी पडली, तात्पुरत्या खोपट्या उभ्या राहिल्या, आणि जड उपकरणं हलू नयेत म्हणून त्यांच्याखाली पक्के चौथरे बांधले गेले. ग्रहण पाहणाऱ्याला चौथरा लागतोच. कॅमेरा केसभर जरी हलला तरी वर्णपटाच्या रेषा फिसकटतात. हेच ते साहेबाचे ओटे.

मग तालमी सुरू झाल्या. खग्रास स्थिती साधारण दोनच मिनिटं मिळणार होती. एकाने मोठ्याने सेकंद मोजायचे, दुसऱ्याने फोटोची काच सरकवायची, तिसऱ्याने झडप उघडायची, चौथ्याने कागदावर प्रभामंडळाचं चित्र काढायचं. तोफा चालवणारी माणसं ही. ठरलेल्या क्षणी ठरलेली हालचाल करणं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं, आणि लॉकियरला नेमकं तेच हवं होतं.

२२ जानेवारीला दुपारी आकाश स्वच्छ राहिलं. मुख्य उपकरण होतं लोलक लावलेला कॅमेरा. सूर्य पूर्ण झाकला जाण्याच्या क्षणी त्याच्या कडेचा पातळ वायूचा थर चंद्रकोरीसारखा उरतो. लोलकातून बघितलं की या कोरीचे वेगवेगळ्या रंगांत वेगवेगळे ठसे उमटतात, प्रत्येक वायूच्या प्रत्येक रंगाची एकेक कमान. कॅल्शियमच्या कमानी, हायड्रोजनच्या कमानी. आणि हेलियमच्याही.

म्हणजे बघा, विजयदुर्गावर हेलियम सापडलं नाही. पण ज्या माणसाने ते मूलद्रव्य मानायला जगाला भाग पाडलं, तो माणूस, ते पृथ्वीवर खरं ठरल्यावर तीन वर्षांनी, या गडावर उभा राहून पुन्हा सूर्याकडे बघत होता.

चूक झाली कशी?

आमच्या धंद्यात असा बग नेहमी सापडतो. दोन नोंदी, दोन्ही खऱ्या, पण नाव सारखं म्हणून कोणीतरी त्या एकत्र केल्या, आणि तारीख राहिली पहिलीची व जागा राहिली दुसरीची. इथे नेमकं तेच दिसतं. पुस्तकात लिहिलेलं: हेलियम, लॉकियर, भारतातलं ग्रहण, १८६८. गावाच्या आठवणीत असलेलं: लॉकियर साहेब, ग्रहण, आमचा किल्ला, हा ओटा. दोन्हीत लॉकियर, दोन्हीत ग्रहण, दोन्हीत भारत. शिवाय वर्षाच्या शेवटी ६८ च्या जागी ९८, एवढाच फरक. कोणालाही वाटेल की एकच गोष्ट आहे.

गुंता वाढवायला आणखी एक ग्रहण आहे. डिसेंबर १८७१ मध्ये लॉकियर ग्रहणासाठी भारतात आला होता, तेव्हा तो उत्तर केरळच्या किनाऱ्यावरच्या बेकल किल्ल्यात बसला. म्हणजे पश्चिम किनारा, समुद्रात घुसलेला किल्ला, दुर्बीण, लॉकियर, हे सगळं विजयदुर्गाच्या २६ वर्षं आधी एकदा होऊन गेलेलं. १८६८, १८७१ आणि १८९८. तीन ग्रहणांची मिळून एक गोष्ट झाली, आणि ती आपण सगळे, मी धरून, पुढे ढकलत राहिलो.

गावाची आठवण मला यात चुकीची वाटत नाही. गावाने बरोबर लक्षात ठेवलं की साहेब आला होता, तो सूर्य बघायला आला होता आणि तो मोठा माणूस होता. ओट्याचं नावही बरोबर ठेवलं. तारीख आपण बाहेरच्या लोकांनी चिकटवली.

मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटतं सांगू? या चुकीच्या गोष्टीमुळे खरी गोष्ट झाकली गेली. १८९८ च्या त्या सावलीची वाट विजयदुर्गाहून घाटावर चढून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून, पुढे विदर्भातल्या पुलगाववरून गेली. पुणे-सोलापूर मार्गावरचं हे जेऊर स्टेशन. तिथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले होते, आणि त्याच गावात पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला आपली उपकरणं लावून बसले होते. पुण्या-मुंबईत प्लेगने थैमान घातलेलं असताना. आपल्यापैकी किती जणांनी नेगमवालांचं नाव ऐकलंय? मी दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत ऐकलं नव्हतं. जेऊरवरून मात्र रेल्वेने कितीतरी वेळा गेलोय, दर वेळी झोपेत.

तर मंडळी, विजयदुर्गाला जा. साहेबाच्या ओट्यावर उभे राहा. सोबत पोरं असतील तर त्यांना सांगा की इथे २२ जानेवारी १८९८ ला दुपारी दोन मिनिटं अंधार पडला होता, एक खलाशी मोठ्याने सेकंद मोजत होता, आणि ६१ वर्षांचा एक माणूस आपणच नाव दिलेल्या वायूकडे बघत होता. १८ ऑगस्टला गेलात तरी हरकत नाही. फक्त छत्री घेऊन जा.

आणि देवगडच्या काका, तुमचं बरोबर होतं. ऑगस्टात दिसत नाय.

भेटू पुढच्या भागात.